आधी नमस्कार, मग मजला

पोलीस ठाणे, चौकशीची खोली. तारीख ७, शुक्रवार, सकाळी १०.४० पासून.

मी, इमारतीत सगळे ज्याला लिफ्टमामा म्हणतात तो, वय ५७ वर्षे, धंदा लिफ्टचालक, शिक्षण सातवी पास, राहणार त्याच सात मजली इमारतीतली जिन्याखालची खोली. माझं कागदोपत्री नाव हवालदारांनी वेगळ्या कागदावर उतरवून घेतलं आहे. समक्ष हजर राहून, विचारल्यावरून, कुणाच्या दबावाशिवाय सांगतो की,

वर लिहिलेल्या पत्त्यावर मी माझ्या बायकोसह एकवीस वर्षांपासून राहतो. खोली नोकरीसोबत मिळालेली आहे. नोकरी गेली की खोली जाते. हे मी सुरुवातीलाच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे जे सांगणार आहे ते मी न समजता सांगितलं असं कुणी म्हणू नये.

आमची लिफ्ट जुनी आहे. तिला आतलं आणि बाहेरचं अशी दोन जाळीची दारं आहेत. दोन्ही नीट लागल्याशिवाय ती हलत नाही. ती बटणाची नाही, दांड्याची आहे, त्यामुळे मजल्यापाशी बरोबर थांबवणं हे चालवणाऱ्याच्या हातात असतं. जरा लक्ष ढळलं की दोन बोटं वर नाहीतर खाली राहते आणि माणूस ठेचकाळतो. माझी वेळ सकाळी आठ ते रात्री आठ, दुपारी एक ते दीड जेवणाची सुट्टी, रविवारी पूर्ण सुट्टी. दिवसाला दोनशेच्या वर माणसं मी वर-खाली नेतो. त्यातली बहुतेक मला आकडा सांगतात. "तीन." "सहा." काही तर बोटंच दाखवतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. इतक्या वर्षांत कातडी निबर झालेली आहे.

पाचव्या मजल्यावर, लिफ्टच्या समोरच्या घरात, टेलिफोनवाल्या बाई एकट्या राहतात. वय ७४. टेलिफोन खात्यात त्या तीस वर्षं फोन जोडून द्यायच्या कामाला होत्या. त्या इमारतीत राहायला आल्याला एकोणीस वर्षं झाली. पहिल्या दिवशी त्या लिफ्टपाशी आल्या, मी दार उघडलं आणि आकड्याची वाट बघत बसलो. त्या म्हणाल्या, "नमस्कार." मी मागे वळून पाहिलं, मागे कोण उभं आहे म्हणून. मागे लिफ्टची भिंत होती. त्या तशाच बाहेर थांबल्या. मी नमस्कार म्हटल्यावर आत आल्या आणि म्हणाल्या, "पाचवा मजला घ्याल का?"

एकोणीस वर्षं हे रोज चाललं. हवालदारांनी विचारलं की यात लिहून घेण्यासारखं काय आहे. माझं म्हणणं आहे की सगळं प्रकरण यावरच उभं आहे, म्हणून लिहून घ्यावं.

बाईंची रीत अशी. चालता चालता नमस्कार टाकायचा नाही. थांबायचं, माणसाकडे बघायचं, उत्तर येईपर्यंत उभं राहायचं. लिफ्टमध्ये गर्दी असेल तर फक्त नमस्कार, घरची चौकशी नाही. मी एकटा असेन तेव्हाच विचारायच्या, "वहिनींच्या गुडघ्याचं कसं आहे?" आणि काल मी काय सांगितलं होतं ते त्यांच्या लक्षात असायचं. माझ्या सुट्टीच्या दिवशी बदली माणूस आला तर त्याला आधी "तुम्हाला काय म्हणू?" असं विचारायच्या. लिफ्टमधून उतरताना "येते" म्हणायच्या.

गेटवरचे रखवालदार, त्यांना आम्ही मिशीदादा म्हणतो, त्यांच्या खिडकीपाशी त्या रोज थांबायच्या. ते वहीत कुणाची नोंद करत असतील तर नोंद पुरी होईपर्यंत गप्प उभ्या. ते डबा खात असतील तर लांबूनच हात वर करायच्या, म्हणजे घास टाकून उठायला नको. बाईंच्या घरी घरकामाला येणाऱ्या ताई अकरा वर्षं तिथे आहेत. ताईंना दार बाई स्वतः उघडतात आणि "या" म्हणतात. पिशवी खुंटीला लागून पाणी पिऊन होईपर्यंत कामाचा शब्द काढत नाहीत. कोपऱ्यावरचा रिक्षावाला, त्याच्या चालवण्यामुळे ज्याला सगळे हळू म्हणतात, त्याला बसायच्या आधी नमस्कार, मग "तुम्हाला यायला जमेल का?", आणि उतरल्यावर "सावकाश जा." यावर मिशीदादा एकदा म्हणाले होते, "बाई, त्याला सावकाश जा नका सांगू, तो थांबूनच राहील." बाई खूप हसल्या होत्या.

मी एकदा त्यांना विचारलं होतं की तुम्ही हे सगळं का करता. त्या म्हणाल्या, "मामा, तीस वर्षं लोक माझ्या कानात फक्त आकडे ओरडले. पलीकडे माणूस बसलंय हे कुणाच्या गावीही नसायचं. तेव्हाच ठरवलं, आपण आधी नमस्कार, मग आकडा." मग हसून म्हणाल्या, "तुमच्याकडे आधी नमस्कार, मग मजला."

बाईंच्या बहिणीचा मुलगा, म्हणजे भाचा, वय अंदाजे ४०, काय धंदा करतो ते मला नक्की माहीत नाही. तो आठ वर्षांपासून महिन्यातून एक-दोनदा यायचा. आठ वर्षं त्याने मला एकच शब्द म्हटला, "पाच." माझं स्टूल वाटेत आलं तर पायाने सरकवायचा. मागच्या महिन्याच्या २ तारखेला तो दोन बॅगा घेऊन बाईंकडे राहायलाच आला.

मागच्या महिन्याच्या ५ तारखेला, सोमवारी, सकाळी ९.१० वाजता तो लिफ्टमध्ये आला आणि मोठ्याने म्हणाला, "नमस्कार मामा! काय म्हणता? नाश्ता झाला का?"

माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. हे मी आता शहाणपण सुचलं म्हणून सांगत नाही. मी त्याच संध्याकाळी बायकोला सांगितलं होतं, तिला विचारून खात्री करावी. ती म्हणाली होती, "माणूस सुधारत नसतो का? तुम्हाला कुणी बरं बोललं तरी खुपतं."

त्यानंतर रविवार सोडून रोज नमस्कार. मी मोजले आहेत, २९ तारखेपर्यंत बावीस दिवस होतात. बाईंच्या आणि याच्या नमस्कारात फरक होता आणि तो मला दिसत होता. हा लिफ्ट भरलेली असताना जास्त मोठ्याने बोलायचा. खांद्यावर हात ठेवायचा. "जेवलात का" विचारून उत्तराच्या आत फोनकडे बघायचा. एके दिवशी मी मुद्दाम म्हणालो, "नाही जेवलो, पोटात दुखतंय." तो म्हणाला, "वा, छान," आणि उतरून गेला.

तरीसुद्धा मला ते आवडू लागलं होतं. हे लिहून घ्यावं. सातव्या मजल्यावरचे साहेब, जे मला लिफ्टचाच एक भाग समजतात, त्यांच्यादेखत कुणी मला "अहो मामा" म्हणत होतं. मी सकाळी केस नीट विंचरून बसू लागलो होतो. स्टुलाची गादी बायकोकडून नवी शिवून घेतली. त्याने मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मी फांद्या धरून वर चढत गेलो. संशय होता आणि बरंही वाटत होतं, दोन्ही खरं आहे.

याच काळात एक गोष्ट घडली ती मला नंतर ताईंकडून कळली. भाच्याने ताईंनाही "या ताई, बसा ताई" सुरू केलं होतं. एके दिवशी चहा स्वतः करून दिला आणि बोलता बोलता विचारलं की मावशीचा वाचायचा चष्मा कोणता आणि तो कुठे असतो. ताईंनी सरळ मनाने सांगितलं, उशाशी, तपकिरी डबीत. तीन दिवसांनी चष्मा सापडेना. भाचा बाईंना म्हणाला की झाडताना ताईंनीच कुठे तरी टाकला असेल. बाईंनी ताईंना शब्दानेही विचारलं नाही, पण ताई दोन दिवस पलंगाखाली, कपाटामागे शोधत होत्या. नवा चष्मा करायला टाकतो असं भाचा म्हणत राहिला.

मागच्या महिन्याच्या २९ तारखेला, गुरुवारी, दुपारी १.३५ वाजता, मी जेवून लिफ्टमध्ये येऊन बसलो होतो. गर्दी नव्हती. भाचा तळमजल्यावर लिफ्टमध्ये आला. हातात लिहायची पाटी, तिला चिमट्याने कागद लावलेले. वरचा कागद मागे दुमडलेला होता, खालचा अर्धा भागच दिसत होता. त्याने बाहेरचं दार स्वतः लावलं. आतलंही लावलं. आजवर माझ्या लिफ्टचं दार कुणी माझ्यासाठी लावलेलं नाही. मी उठू लागलो तर म्हणाला, "बसा हो मामा, बसूनच करा सही."

मी विचारलं, "कसली सही?"

तो म्हणाला, "मावशीच्या दवाखान्याच्या विम्याचं आहे. तिला ओळखणारी दोन माणसं लागतात. ती म्हणाली, नातेवाइकांपेक्षा मामा आणि दादा जवळचे. दादांनी आत्ताच केली, ही बघा."

मिशीदादांची सही मी ओळखतो, ती होती. आमच्या दोन सह्यांच्या जागेवर आणखी एक रेघ होती आणि ती कोरी होती. मी विचारलं, "बाईंची सही?" तो म्हणाला, "मावशी जरा आडवी झालीय, उठली की करेल." मला त्याच वेळी म्हणायचं होतं की मग मी वर येतो, त्यांच्यासमोर करतो. पाच मजले जायला लिफ्टला चाळीस सेकंद लागतात. मी म्हटलं नाही. त्याने मला पेन दिलं, टोपण काढून दिलं. मी सही केली. बाई तेव्हा माझ्यासमोर नव्हत्या. कागदावर काय लिहिलं आहे ते मी वाचलं नाही, वाचायला मागितलंही नाही.

हवालदारांनी विचारलं की या सहीबद्दल पैसे घेतले का. नाही. दिले असते तर मी तिथेच त्याला बाहेर काढला असता. मी नमस्कार घेतले होते.

दुसऱ्या दिवशी, ३० तारखेला, शुक्रवारी, सकाळी ९.१० वाजता मी तळमजल्यावर दार उघडलं. भाचा बाहेरून फिरून आला होता. मीच आधी म्हटलं, "नमस्कार." तो फोनमध्ये बघत आत आला आणि म्हणाला, "पाच."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. दांडा जरा जास्त ओढला गेला आणि लिफ्ट पाचव्या मजल्याच्या चार बोटं वर जाऊन थांबली. तो ठेचकाळला आणि म्हणाला, "नीट चालव ना." आपण काही तरी गमावून बसलोय एवढं समजत होतं, काय ते समजत नव्हतं.

या महिन्याच्या १ तारखेला, शनिवारी, सकाळी ११.२० वाजता पाचव्या मजल्यावरून घंटी आली. मी वर गेलो. भाचा दोन बॅगा घेऊन उभा होता, मागे बाई होत्या. बाईंनी बाहेर जायची पांढरी साडी नेसली होती. चष्मा नव्हता. मी दोन्ही दारं उघडली आणि नेहमीप्रमाणे थांबलो. बाई आत आल्या. खाली बघत म्हणाल्या, "तळमजला."

एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला नुसता मजला सांगितला.

मी तेव्हा काय केलं ते मला सांगायचं आहे. मी विचारायला हवं होतं की बाई, कुठे निघालात. मी विचारलं नाही. मला राग आला. मला वाटलं, भाच्याने नमस्कार सोडला तसा यांनीही सोडला, घरातलं वारं सगळ्यांना लागलं. मी मानी माणूस आहे, बायको म्हणते फुकटचा मानी. मी दारं लावली आणि तोंड भिंतीकडे करून उभा राहिलो. खाली उतरताना त्या "येते" म्हणाल्या नाहीत आणि मीही काही म्हणालो नाही. मिशीदादांच्या खिडकीपुढूनही त्या तशाच गेल्या. मिशीदादा उठून उभे राहिले होते, ते उभेच राहिले.

त्या दुपारी ताई कामाला आल्या तेव्हा दाराला नवं कुलूप होतं. भाच्याने फोनवर सांगितलं, "मावशी गावाला गेली. आता यायची गरज नाही." त्याने "ताई" म्हटलं नाही, हे ताईंनी मला त्या दिवशीच सांगितलं होतं, पण त्याचा अर्थ मी लावला नाही.

मंगळवारी, ४ तारखेला, दुपारी ३ च्या सुमारास मी, मिशीदादा आणि ताई गेटवरच्या खोलीत चहा घेत होतो. ताई बाईंच्या घरी राहिलेली आपली भांडी मागायला आल्या होत्या. रिक्षावाला हळू गेटपाशी रिक्षा लावून आत आला आणि न बसताच म्हणाला, "एक विचारू? बाई परत आल्या का?"

मी म्हटलं, "तुला काय ठाऊक त्या गेल्यात ते?"

तो म्हणाला, "मीच सोडलं ना. पुलापलीकडे, पांढऱ्या फाटकाचं म्हाताऱ्या माणसांचं घर आहे, तिथे. त्यांचा भाचा दोन दिवस हवापालट म्हणाला. जाताना मला 'भाऊ, सांभाळून चालवा, मावशीला धक्का नको' असं गोड बोलत होता. येताना एकटाच बसला आणि म्हणाला, 'चल.' नुसतं चल! मी म्हटलं, याला मध्येच काय झालं? आणि बाई उतरल्या त्या मला सावकाश जा म्हणाल्या नाहीत. तीन दिवस डोक्यात तेच आहे."

मिशीदादांनी कप खाली ठेवला. ते म्हणाले, "मला त्याने गुरुवारी दुपारपासून नमस्कार केला नाही. सही केली आणि संपलं."

ताई म्हणाल्या, "कसली सही?"

मी आणि मिशीदादा एकमेकांकडे बघत राहिलो. दोघांनाही वाटत होतं की दुसऱ्याने ती नीट वाचून केली असेल. ताईंनी पुन्हा विचारलं, "अहो, कसली सही?" तेव्हा आम्हाला सांगता येईना.

मग एकेकाने आपापलं सांगितलं. ज्याचं काम ज्या दिवशी संपलं, त्याच्या तोंडचा नमस्कार त्याच दिवशी संपला होता. मिशीदादांचा आणि माझा सहीनंतर, ताईंचा कुलूप लागल्यावर, हळूचा फाटकापाशी. ताई रडू लागल्या नाहीत, त्या चिडल्या. म्हणाल्या, "माझ्याकडून चष्मा काढून घेतला मेल्याने. मी चोर ठरले ते ठरले, वर डोळेही त्याच्या हातात दिले." दुसऱ्या दिवशी, ५ तारखेला, त्यांनी या ठाण्यात येऊन अर्ज दिला. आमच्या सह्यांचा विषय त्यांनी अर्जात घातला नाही. "तुमचं तुम्ही सांगा," असं त्या आम्हाला म्हणाल्या होत्या.

काल, ६ तारखेला, हवालदार, ताई आणि हळू असे त्या पांढऱ्या फाटकाच्या घरी गेले. बाई तिथे होत्या. फोन त्यांच्याकडे नव्हता. तिथल्या माणसांना सांगितलं होतं की त्यांना विसरायचा आजार आहे, कुठेही निघून जातात, बाहेर सोडू नका. बाईंनी फाटकावरच्या माणसाची, त्याच्या आईची आणि तिच्या दम्याची सगळी माहिती हवालदारांना सांगितली, तेव्हा त्या विसरत नाहीत एवढं त्यांच्या लक्षात आलं. काल रात्री बाई ताईंच्या घरी राहिल्या, कारण त्यांच्या घराला भाच्याचं कुलूप आहे.

काल संध्याकाळी मला या ठाण्यात कागदाची नक्कल दाखवली. तो विम्याचा कागद नाही. त्यात बाई आपलं राहतं घर राजीखुशीने भाच्याच्या नावे करून देत आहेत असं आहे आणि खाली लिहिलं आहे की, "वरील सही त्यांनी आम्हा दोघांसमक्ष, वाचून व समजून केली आहे." त्याखाली मिशीदादांची आणि माझी सही आहे. वर आता बाईंचीही सही आहे, ती त्यांच्याच हातची आहे असं त्या म्हणतात. आमच्या सह्या झाल्या तेव्हा ती नव्हती.

बाईंनी सही का केली हे ताईंनी मला काल रात्री सांगितलं. माझ्या खोलीच्या दारात उभ्या राहूनच सांगितलं, आत आल्या नाहीत. भाच्याने बाईंना कागद वाचून दाखवला तेव्हा बाईंनी साफ नकार दिला होता. मग त्याने खालच्या सह्या एकेक करून वाचून दाखवल्या. म्हणाला, "मावशी, तू नाही म्हटलंस तर ही दोघं खोटे साक्षीदार ठरतील. नोकरी जाईल, जिन्याखालची खोली जाईल, वर पोलीस. तू रोज नमस्कार करतेस ना त्यांना? मग बघ काय ते." बाईंनी अर्धा तास विचार केला आणि सही केली.

मी ताईंना विचारलं, "मग त्या दिवशी लिफ्टमध्ये माझ्याशी का बोलल्या नाहीत?"

ताई म्हणाल्या, "मीही हेच विचारलं. त्या म्हणाल्या, मी नमस्कार केला असता तर मामांनी विचारलं असतं, बाई कुठे निघालात. त्यांना खोटं सांगायला मला जमलं नसतं. आणि खरं सांगितलं असतं तर त्यांची खोली गेली असती."

मी रात्रभर झोपलो नाही. बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "उद्या तुम्ही ठाण्यात गेलात की माझी साड्यांची पेटी आवरून ठेवते." मी विचारलं, का. ती म्हणाली, "खोली सोडायची वेळ आली तर घाई नको."

तरी मी स्वच्छ सांगतो की, २९ तारखेच्या त्या कागदावर मी न वाचता सही केली. टेलिफोनवाल्या बाईंनी माझ्यासमोर कोणतीही सही केलेली नाही. साक्षीचं जे वाक्य माझ्या सहीच्या वर आहे ते खोटं आहे आणि त्यातला खोटेपणा माझ्या हातून झाला आहे. हवालदारांनी मला समजावून सांगितलं की हे लिहिलं तर खोटी साक्ष माझ्या अंगाशी येऊ शकते आणि मी आजचा दिवस विचार करायला घेऊ शकतो. मी म्हटलं, लिहा. त्या बाईंनी माझी खोली वाचवायला घर दिलं, आता मी खोली जपत बसलो तर मला त्या लिफ्टमध्ये उभं राहता येणार नाही. मिशीदादा बाहेर बाकावर बसले आहेत. ते त्यांचं सांगतील.

माझा वरील जबाब लिहून झाल्यावर हवालदारांनी तो मोठ्याने वाचला. टेलिफोनवाल्या बाईही त्यांच्या जबाबासाठी आलेल्या होत्या, त्या त्याच खोलीत खिडकीजवळच्या खुर्चीवर बसल्या होत्या. ताई शेजारी होत्या. बाईंनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला. "बाईंनी अर्धा तास विचार केला" या जागी त्यांनी "पाऊण तास" अशी दुरुस्ती सुचवली. ती त्यांच्या जबाबात यावी असं ठरलं.

वाचून झाल्यावर मी तिथेच उभा राहून बाईंना नमस्कार केला आणि उत्तर येईपर्यंत थांबलो. बाईंना नीट दिसत नव्हतं, त्यांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली. म्हणाल्या, "नमस्कार मामा. पाचवा मजला घ्याल का?"

मी म्हटलं, "बाई, कुलूप अजून त्याचंच आहे."

त्या म्हणाल्या, "कुलपाचं साहेब बघतील. मी लिफ्टचं विचारते आहे."

मी "घेतो" असं सांगितलं. हे संभाषण तपासाच्या कामाचं नाही, वगळू या, असं हवालदारांचं मत पडलं. ते माझ्या जबाबात राहावं अशी मी विनंती केली आणि ते ठेवण्यात आलं आहे.

त्यानंतर मी संपूर्ण जबाब हातात मागून घेतला आणि स्वतः वाचला. मला वेळ लागला, हवालदार दोनदा चहा पिऊन आले. एकही पान दुमडलेलं नव्हतं आणि सहीच्या वर कोरी जागा नव्हती. सगळं मी सांगितलं तसंच आहे. म्हणून खाली सही करतो.

(सही) लिफ्टमामा
दुपारी १.३५